यादृच्छिक नमुन्यांनी इंटिग्रल काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी संगणकीय पद्धतींचा हा भाग शिकवून झाला की साधारण तेच प्रश्न येतात, कधी तासाला, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकरा वाजता. म्हणून सगळी उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो आहे. शक्य तिथे एकच उदाहरण धरून चाललो आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील.

उदाहरण कोणतं?

० ते १ या अंतरात e^(-x²) या वक्राखालचं क्षेत्रफळ:

```
I = ∫₀¹ e^(-x²) dx = 0.746824...
```

हे मुद्दाम निवडलं. बारावीत शिकलेली कुठलीही युक्ती इथे चालत नाही, कारण या फलाचं प्रतिअवकलज नेहमीच्या फलांत लिहिताच येत नाही. उत्तर मात्र इतर मार्गांनी हव्या तेवढ्या दशांश स्थळांपर्यंत ठाऊक आहे. त्यामुळे आपण किती चुकलो ते प्रत्येक वेळी तपासता येतं.

नुसती सरासरी काढून क्षेत्रफळ कसं काय मिळतं?

पीक कापणी प्रयोग आठवा. तालुक्यात ज्वारी किती पिकली हे काढायला कोणी प्रत्येक वावर कापत नाही. काही शेतं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडतात, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढाच कापून, मळून, वजन करतात. हेक्टरी सरासरी निघाली की तिला पेरणीच्या एकूण क्षेत्राने गुणायचं. एकूण उत्पादन म्हणजे जागोजागच्या उताऱ्याची त्या क्षेत्रावर केलेली बेरीजच, म्हणजे इंटिग्रलच.

आपण तेच करतो. ० ते १ मधून कुठलाही बिंदू सारख्याच शक्यतेने उचलायचा, तिथली वक्राची उंची मोजायची, असं N वेळा करायचं, सरासरी घ्यायची आणि अंतराच्या लांबीने गुणायचं. आपल्या उदाहरणात लांबी १ असल्याने गुणाकाराचीही गरज नाही. अंतर a ते b असेल तर (b − a) ने गुणायला विसरू नका. परीक्षेत सर्वात जास्त गुण इथेच जातात.

एकदा हाताने करून दाखवा ना.

०० ते ९९ अशा शंभर चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून, हलवून, दहा काढल्या. प्रत्येक चिठ्ठी पाहून झाली की परत डब्यात टाकायची. आलेले आकडे शंभराने भागले:

०.६३, ०.०८, ०.९१, ०.६७, ०.३४, ०.८८, ०.५२, ०.६९, ०.१७, ०.७५

प्रत्येकाला e^(-x²) काढलं, कॅल्क्युलेटरवर, चार दशांशांपर्यंत:

०.६७२४, ०.९९३६, ०.४३६९, ०.६३८३, ०.८९०८, ०.४६१०, ०.७६३१, ०.६२१२, ०.९७१५, ०.५६९८

बेरीज ७.०१८६, म्हणून सरासरी ०.७०१९. खरं उत्तर ०.७४६८ आहे, म्हणजे आपण ०.०४५ ने कमी पडलो. कारण चिठ्ठ्यांतच दिसतं: दहापैकी सात आकडे अर्ध्याच्या वरचे आले आणि तिकडे वक्र खाली उतरलेला आहे. डबा काही खोटं बोलला नाही. दहा चिठ्ठ्यांत एवढं होणारच.

खरं उत्तर माहीत नसेल तर चूक किती आहे हे कसं कळणार?

या पद्धतीची खरी गंमत इथे आहे: चुकीचा अंदाज त्याच नमुन्यातून निघतो. वरच्या दहा उंची एकमेकींपासून किती पसरल्या आहेत ते बघा. त्यांचं प्रमाण विचलन काढलं (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला दहाने नाही, नऊने भागून) तर ०.१९८ येतं. त्याला √१० ने, म्हणजे ३.१६ ने भागलं की ०.०६३ मिळते. ही सरासरीची प्रमाण त्रुटी. म्हणून उत्तर ‘०.७०१९’ असं लिहायचं नाही, ‘०.७० ± ०.०६’ असं लिहायचं. खरं मूल्य ०.७४६८ या पट्ट्यात बसतं.

± शिवाय दिलेलं उत्तर मी तपासतच नाही. दहा चिठ्ठ्यांवरून चार दशांश लिहिणं म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवर सोनं तोलणं.

N वाढवला की त्रुटी नेमकी कशी घटते?

या फलाचं खरं प्रमाण विचलन σ गणिताने काढता येतं. ते ०.२०१ आहे (आपल्या दहा चिठ्ठ्यांनी ०.१९८ सांगितलं, म्हणजे बऱ्यापैकी जवळ). प्रमाण त्रुटी σ/√N असल्याने १०० नमुन्यांना ती ०.०२ येते, १०,००० ना ०.००२ आणि दहा लाखांना ०.०००२. एक दशांश स्थळ वाढवायचं तर काम शंभर पट. त्रुटी निम्मी करायची तर चौपट.

वर्गमूळच का? दुप्पट नमुने घेतले तर चूक निम्मी का होत नाही?

प्रत्येक नमुन्याची चूक कधी वर, कधी खाली असते. N चुकांची बेरीज केली तर त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खातात, पण पूर्ण खात नाहीत. स्वतंत्र गोष्टींच्या बाबतीत बेरीज होते ती व्हेरिअन्सची, म्हणजे विचलनाच्या वर्गाची. N नमुन्यांच्या बेरजेचा व्हेरिअन्स Nσ², म्हणून तिचं विचलन √N·σ. सरासरीसाठी N ने भागलं की उरतं σ/√N.

या ओळीत ‘स्वतंत्र’ हा एकच शब्द सगळा भार वाहतो आहे. तो निखळला की काय होतं ते पुढे सांगतो. माझ्यावर एकदा ती वेळ आली आहे.

माझ्या उत्तरापासून खरं मूल्य ± च्या बाहेर गेलं. प्रोग्रॅम चुकला का?

लगेच तसं समजू नका. एक प्रमाण त्रुटीच्या आत खरं मूल्य साधारण ६८ टक्के वेळा असतं, दोनच्या आत ९५ टक्के वेळा. म्हणजे तीन विद्यार्थ्यांमागे एकाचं मूल्य पहिल्या पट्ट्याबाहेर जाणं हेच अपेक्षित आहे. उलट वर्गातल्या साठही जणांचं आत बसलं तर मला शंका येते, कारण बहुतेक वेळा कोणीतरी एकाने केलेलं असतं आणि बाकीच्यांनी बी, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ज्याने होते तो आकडा, तेच ठेवून उतरवलेलं असतं. चार-पाच प्रमाण त्रुटींइतका फरक पडला तर मात्र प्रोग्रॅम उघडून बसा.

हे संगणकावर किती ओळींचं काम आहे?

पायथॉनमध्ये एवढंच:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
n = 10_000
y = np.exp(-rng.random(n)**2)
print(y.mean(), y.std(ddof=1)/np.sqrt(n))
```

पहिला आकडा उत्तर, दुसरा प्रमाण त्रुटी. दुसरा ०.००२ च्या आसपास यायलाच हवा. कंसातला ७ म्हणजे बी, तो बदलून पाच-सहा वेळा चालवा. पहिला आकडा तिसऱ्या दशांशात हलताना दिसेल आणि तो किती हलतो हे दुसरा आकडा आधीच सांगत असेल. पुस्तकात हे वाचून जे पटत नाही ते इथे दोन मिनिटांत पटतं.

सिम्पसनच्या नियमाने तर हे कितीतरी लवकर येतं. मग हा उपद्व्याप कशाला?

बरोबर. फक्त तीन ठिकाणी उंची मोजून, म्हणजे ०, ०.५ आणि १ ला, सिम्पसनचा नियम लावा: (१ + ४ × ०.७७८८ + ०.३६७९) ÷ ६ = ०.७४७२. चूक ०.०००३६. एवढीच प्रमाण त्रुटी यादृच्छिक नमुन्यांनी गाठायला तीन लाखांहून जास्त नमुने लागतील. तीन विरुद्ध तीन लाख. एका चलाचं गुळगुळीत फल असेल तर चिठ्ठ्या टाकू नका, हे मी स्वतःच सांगतो. इथे ते घेतलं आहे ते केवळ चूक डोळ्यांना दिसावी म्हणून.

मग ही पद्धत जिंकते कुठे?

चलांची संख्या वाढली की. प्रत्येक चलासाठी दहा बिंदूंची जाळी घेतली तर एका चलाला १० बिंदू लागतात, दोनांना १०० आणि दहा चलांना १०^१०, म्हणजे एक हजार कोटी. आणि प्रत्येक बाजूला दहाच बिंदू म्हणजे जाळी तरीही विरळच. σ/√N या सूत्रात मात्र चलांची संख्या कुठेच नाही. पीक कापणीतही तसंच आहे: अंदाज किती पक्का हे कापलेल्या तुकड्यांच्या संख्येवर आणि शेताशेतातल्या फरकावर ठरतं, तालुका केवढा आहे यावर जवळजवळ नाही.

सिम्पसनसारख्या नियमाची चूक d चलांत साधारण N^(-4/d) या गतीने घटते. d आठ झाला की ती गती वर्गमुळाएवढीच होते आणि त्यापुढे चिठ्ठ्या सरस ठरतात. फल खडबडीत असेल किंवा क्षेत्राचा आकार वेडावाकडा असेल तर त्याच्या बऱ्याच आधी. पण सूत्रात d नाही म्हणून चलांचा काही त्रास नाही असं समजू नका. तो σ मध्ये लपून बसतो. चलं वाढली की फल बहुतेक ठिकाणी शून्य आणि एखाद्या कोपऱ्यातच मोठं असं व्हायला लागतं, आणि σ फुगतो.

चौकोनात ठिपके टाकून π काढतात, तेच का हे?

त्याच कुळातलं, पण गरीब भावंड. तिथे उंची मोजत नाहीत, ठिपका वक्राखाली पडला की वर एवढंच मोजतात. आपल्या उदाहरणात तसं केलं तर प्रत्येक ठिपका १ किंवा ० देतो आणि विचलन ०.४३५ येतं, ०.२०१ नव्हे. व्हेरिअन्स सुमारे ४.७ पट, म्हणजे तेवढ्याच अचूकतेसाठी ४.७ पट ठिपके. उंची मोजता येत असताना ती टाकून देऊन हो-नाही का विचारावं? चित्र छान दिसतं म्हणून शाळेत दाखवावं, कामाला वापरू नये.

कोणीतरी नुसती सुई टाकून π सहा दशांशांपर्यंत बरोबर काढला होता ना?

इटलीतल्या मारिओ लाझारिनी यांचा १९०१ सालचा दावा. समांतर रेघा आखलेल्या पृष्ठभागावर सुई टाकायची आणि ती रेघेला किती वेळा छेदते ते मोजायचं, हा ब्युफाँ यांचा अठराव्या शतकातला प्रश्न. लाझारिनींच्या सुईची लांबी दोन रेघांमधल्या अंतराच्या ५/६ होती. ३,४०८ वेळा टाकली, १,८०८ वेळा छेदली. त्यावरून π येतो (५/३) × ३४०८ ÷ १८०८, म्हणजे नेमका ३५५/११३, म्हणजे ३.१४१५९२९.

आता आपली प्रमाण त्रुटी लावून बघा. छेदण्याची शक्यता सुमारे ०.५३. ३,४०८ फेकींना त्या शक्यतेची प्रमाण त्रुटी ०.००८५ येते, म्हणजे π मध्ये ०.०५. एवढ्या फेकींत ३.०९ आलं असतं किंवा ३.१९ आलं असतं तरी कोणी भुवई उंचावली नसती. लाझारिनींची चूक आहे जेमतेम ०.००००००३.

आणखी एक फेक टाकली असती तर? छेदली असती तर ३.१४०८, नसती तर ३.१४२५. दोन्ही बाजूंनी तिसऱ्या दशांशातच घोटाळा. म्हणजे बरोबर ३,४०८ वर थांबल्यामुळेच हे उत्तर आहे. ३५५/११३ हा अपूर्णांक शतकानुशतकं माहीत होता, आणि सुईचं ५/६ हे प्रमाण तोच अपूर्णांक यावा अशा बेताचं आहे. मनाजोगता आकडा दिसला की थांबायचं, ही या पद्धतीतली सर्वात जुनी लबाडी. N आधी ठरवा, मगच चालवा.

या पद्धतीला ‘माँटे कार्लो’ हे नाव कुठून आलं?

१९४६ मध्ये गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम आजारातून उठत होते आणि वेळ घालवायला एकट्याने पत्ते लावत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने काढता काढता कंटाळले, तेव्हा त्यांना वाटलं की शंभर डाव मांडून किती सुटतात ते मोजणं सोपं. तीच कल्पना न्यूट्रॉनच्या प्रवासाला लावायची म्हणून ते जॉन फॉन नॉयमान यांच्याशी बोलले. अमेरिकेतल्या लॉस अलामोस या अण्वस्त्र प्रयोगशाळेतलं काम गुप्त असल्याने सांकेतिक नाव हवं होतं. ते निकोलस मेट्रोपोलिस यांनी सुचवलं, कारण उलाम यांचे एक काका नातेवाइकांकडून उसने पैसे घेऊन माँटे कार्लोच्या जुगारघरात जायचे. मेट्रोपोलिस आणि उलाम यांचा लेख १९४९ मध्ये छापून आला.

N न वाढवता त्रुटी कमी करता येते का?

येते, आणि वेळ घालवायचा तर इथे घालवावा. σ/√N मध्ये दोन गोष्टी आहेत, पण सगळे खालच्या N च्याच मागे लागतात. तो दहापट केला तरी हाती लागतात जेमतेम ३.१६ पट. σ दहाने खाली आणला तर पूर्ण दहापट मिळतात.

सर्वात सोपी युक्ती म्हणजे जोडीचे नमुने. u आला की त्याच्यासोबत १ − u सुद्धा घ्यायचा आणि दोन्ही उंचींची सरासरी एक नमुना म्हणून धरायची. आपला वक्र सतत उतरता आहे. u मोठा आला तर उंची कमी, पण मग १ − u लहान आणि त्याची उंची जास्त. एकाची चूक दुसरा भरून काढतो.

त्याच दहा चिठ्ठ्या घेऊ. जोडीदार झाले ०.३७, ०.९२, ०.०९, ०.३३, ०.६६, ०.१२, ०.४८, ०.३१, ०.८३, ०.२५. त्यांच्या उंचींची सरासरी ०.७९६७. आधीची ०.७०१९. दोन्हींची मिळून ०.७४९३. चूक ०.०४५ वरून ०.००२५ वर आली. यात थोडं नशीबही आहे, कारण दहा जोड्यांवरून निघणारी प्रमाण त्रुटी ०.००८ आहे. पण तीसुद्धा आधीच्या ०.०६३ च्या आठव्या हिश्शाएवढीच.

‘पण वीस वेळा उंची मोजली ना?’ हा प्रश्न रास्त आहे. वीस सुट्या नमुन्यांशी तुलना केली तर या फलासाठी व्हेरिअन्स २५ पट कमी होतो, म्हणजे तेवढ्याच कष्टात त्रुटी पाचव्या हिश्शाची.

दोन सावधगिऱ्या. प्रमाण त्रुटी काढताना दहा जोड्यांच्या दहा सरासऱ्यांचं विचलन घ्या, वीस सुट्या आकड्यांचं नाही, कारण जोडीतले दोघं स्वतंत्र नाहीत. आणि फल मध्यबिंदूभोवती सममित असेल, उदाहरणार्थ (x − ½)², तर u आणि १ − u ला उंची एकच येते. तेव्हा तुम्ही एकच माप दोनदा घेताय, अर्धं काम वाया. युक्ती चालते ती चढत्या किंवा उतरत्या फलाला.

कधी कधी N वाढवूनही उत्तर उड्या मारत राहतं. का?

बहुधा σ अनंत आहे. ∫₀¹ dx/√x घ्या. उत्तर अगदी साधं, २. पण व्हेरिअन्ससाठी फलाच्या वर्गाचा, म्हणजे 1/x चा इंटिग्रल लागतो आणि तो अनंताकडे जातो. सरासरी शेवटी २ कडेच येते, पण σ/√N या सूत्रावर विसंबण्यात अर्थ राहत नाही.

ओळखायचं कसं? दर काही हजार नमुन्यांनंतर तोपर्यंतचं प्रमाण विचलन छापत जा. नीट वागणाऱ्या फलाचं विचलन एका आकड्यावर स्थिरावतं, आपलं ०.२०१ वर बसतं तसं. 1/√x चं मात्र दहा हजारांना साधारण २.३, दहा लाखांना ३.१ असं चढतच राहतं. दुसरी खूण म्हणजे एखादाच नमुना सरासरीला धक्का देतो. दहा हजारांत सर्वात लहान x साधारण ०.०००१ असतो, तिथे उंची १०० आणि एकट्याने तो सरासरी ०.०१ ने हलवतो.

उपाय म्हणजे जिथे फल उंच आहे तिथे जास्त चिठ्ठ्या पडतील असं करणं. x = u² ठेवा, dx = 2u du. इंटिग्रँड होतो (1/u) × 2u, म्हणजे २, सगळीकडे. एकाच नमुन्यात अचूक उत्तर! इतकं सुदैव नेहमी नसतं, पण फलाच्या आकाराशी मिळत्याजुळत्या घनतेने नमुने घ्यायचे आणि त्या घनतेने भागायचं, ही कल्पना हीच.

प्रमाण त्रुटी अगदी लहान आली, म्हणजे उत्तर नक्की बरोबर ना?

नाही. ० ते १ मध्ये ०.०००१ रुंदीचा, १०,००० उंचीचा एक खांब आहे आणि बाकी सगळीकडे शून्य, असं फल घ्या. क्षेत्रफळ १. हजार नमुने घेतले तर एकही खांबावर न पडण्याची शक्यता ९० टक्के. तेव्हा उत्तर शून्य आणि प्रमाण त्रुटीही शून्य, निर्धास्तपणे चुकीचं. नमुन्याने जे पाहिलंच नाही त्याबद्दल तो काय सांगणार? फल कुठे उंच जाऊ शकतं हे गणिताने किंवा विषयाच्या ज्ञानाने आधी शोधणं याला पर्याय नाही.

यादृच्छिक आकडे ‘चांगले’ नसतील तर खरंच फरक पडतो का?

पडतो. १९६० च्या दशकातला आयबीएमचा RANDU हा यादृच्छिक आकडे बनवणारा जनक प्रसिद्ध आहे: आधीच्या संख्येला ६५५३९ ने गुणायचं आणि 2^31 ने भागून बाकी घ्यायची. लागोपाठचे तीन-तीन आकडे घेऊन घनात बिंदू मांडले तर ते सगळे फक्त १५ समांतर प्रतलांवर पडतात. तीन चलांच्या इंटिग्रलला हे किती महागात पडेल ते वेगळं सांगायला नको. आजचे नेहमीचे जनक या बाबतीत निर्दोष म्हणावेत इतके चांगले आहेत.

आज चूक होते ती बियाण्यात. मी एकदा सहा चलांचा इंटिग्रल आठ प्रक्रियांवर वाटून चालवला. सगळे मिळून आठ लाख नमुने, प्रमाण त्रुटी छान बारीक, मी खूश. दुसऱ्या दिवशी बी बदलून चालवलं तर उत्तर पाच प्रमाण त्रुटींनी सरकलेलं. दीड दिवस सूत्र तपासत बसलो. शेवटी आठही प्रक्रियांचे पहिले तीन आकडे छापले: अक्षर अन् अक्षर तेच. सुरुवातीला एकदाच दिलेलं बी आठही जणांनी जसंच्या तसं उचललं होतं. माझे नमुने एकच लाख होते, आठ वेळा मोजलेले, आणि खरी त्रुटी मी लिहिलेल्या त्रुटीच्या √८, म्हणजे २.८ पट होती. मघाशी ‘स्वतंत्र’ या शब्दाबद्दल म्हणालो ते हेच. आता असं करतो:

```python
seeds = np.random.SeedSequence(7).spawn(8)
rngs = [np.random.default_rng(s) for s in seeds]
```

सोबोल वगैरे क्रमिका वापरल्या तर?

त्या यादृच्छिक नसतात, मुद्दाम सारख्या पसरवलेल्या असतात. गुळगुळीत फलांना आणि बेताच्या चलसंख्येला त्रुटी जवळजवळ 1/N ने घटते, हा मोठाच फायदा. पण बिंदू स्वतंत्र नसल्याने σ/√N वापरता येत नाही. ± हवं असेल तर क्रमिका यादृच्छिकपणे विस्कटून अनेकदा चालवावी आणि त्या उत्तरांचा पसारा पाहावा.

शेवटी, किती नमुने घेऊ ते सांगा.

आधी पाचशे-हजारांची चाचणी घ्या, फक्त σ साठी. आपल्या उदाहरणात ती ०.२ च्या आसपास सांगेल. उत्तर ९५ टक्के खात्रीने ±०.००१ मध्ये हवं असेल तर २ × ०.२०१ ÷ √N = ०.००१, म्हणजे N सुमारे १ लाख ६२ हजार. जोडीच्या नमुन्यांनी सुमारे ३,२०० जोड्या, म्हणजे ६,४०० मापं पुरतील. चाचणीचे नमुने अंतिम उत्तरात मिसळू नका, मुख्य फेरी नव्या बियाण्याने सुरू करा. N एकदा कागदावर लिहिला की मध्येच डोकावून थांबायचं नाही.